बोलीतली गाणी वहीतून उतरवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एकाच कामाविषयी आहे. कुणाच्या तरी घरात ओव्यांची, गाण्यांची हाती लिहिलेली वही सापडते, ती बोलीत असते, आणि ती संगणकावर उतरवायची असते. ध्वनिमुद्रण ऐकून लिहिणं हे वेगळं काम आहे, त्याबद्दल इथे फक्त एका प्रश्नात येईल. उदाहरणं वऱ्हाडीतली घेतली आहेत. खालच्या सहा ओळी कुठल्या खऱ्या वहीतल्या नाहीत. समजावण्यासाठी मीच रचल्या आहेत, पण त्यातली लेखनाची सरमिसळ खऱ्या वह्यांत पानोपानी भेटते.

```
१  दयन दयता माह्या पान्यानं भरे डोया
२  पाठच्या भावाची मले लागली गे माया
३  दयन दयता पानी डोयातलं आटे
४  माहेरच्या वाटेनं गे टोचतात काटे
५  पाणी सरलं गे बाई लागेना माहा डोळा
६  वाट पाहून झिजली चंदनाची काया
```

एकाच पानावर 'पानी' आणि 'पाणी' दोन्ही आहेत. मग एक रूप ठरवून सगळीकडे तेच का लिहू नये?

कारण ती दोन रूपं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. 'पानी' सांगतं की लिहिणाऱ्याच्या कानावर 'न' हे अक्षर येत होतं. 'पाणी' सांगतं की त्याच माणसाला शाळेतलं रूपही ठाऊक होतं आणि अधूनमधून हात तिकडे वळत होता. तुम्ही सगळीकडे 'पाणी' केलंत तर पहिली गोष्ट पुसली जाते, 'पानी' केलंत तर दुसरी. एकसारखं पान दिसायला नीटनेटकं दिसतं, पण ते वहीचं पान राहत नाही.

गाण्यात आणखी एक अडचण येते. वरच्या पहिल्या दोन ओळींत 'डोया' आणि 'माया' यांचं यमक आहे. वऱ्हाडीत ळ च्या जागी य येतो, म्हणून डोळा हा डोया होतो, दळण हे दयन होतं. पहिली ओळ प्रमाण करून 'दळण दळता माझ्या पाण्यानं भरे डोळा' अशी लिहा आणि खाली 'माया' वाचा. ओवी तिथेच मोडली. एखाद्या छापील संग्रहात यमकं अशी ठिकठिकाणी निखळलेली दिसली, की मला आधी संपादकाच्या हाताचा संशय येतो, गाणारीचा नाही.

पाचव्या ओळीत 'डोळा' आहे, पण यमक 'काया'शी आहे. म्हणजे गाताना 'डोया'च म्हटलं असणार. तिथे 'डोया' करावं ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारे सगळ्यात जास्त इथेच चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रमाण भाषेकडे ओढणं ही एक चूक झाली. बोलीकडे ओढणं ही तेवढीच मोठी दुसरी चूक आहे, आणि ती बोलीवर प्रेम असणाऱ्यांकडून होते. आपल्याला बोली येते, यमक कळतं, म्हणून आपण वही 'आणखी वऱ्हाडी' करून टाकतो. पण वहीत 'डोळा' लिहिलंय, ही वस्तुस्थिती आहे. 'डोया' म्हटलं असेल, हा आपला तर्क आहे, चांगला तर्क असला तरी. वस्तुस्थिती ओळीत जाते, तर्क टिपेत जातो.

आता याच ओळीकडे जरा जवळून पाहू. 'पाणी' आणि 'डोळा' ही दोन्ही शाळेतली रूपं एकाच ओळीत आली आहेत, बाकीच्या पाच ओळींत ण किंवा ळ कुठेच नाही. असं दिसलं की माझी पहिली शंका अशी असते, की ही ओळ दुसऱ्या कुणी लिहिली का? शाळेत जाणाऱ्या नातवाने किंवा सुनेने? मग फोटो मोठा करून तीन गोष्टी पाहायच्या. शाई किंवा पेन्सिलीचा रंग बदलतो का, 'गे' मधली मात्रा वरच्या ओळींसारखीच ओढली आहे का, आणि ओळ नंतर मध्ये कोंबल्यासारखी दाटीने बसली आहे का. तिन्हींत फरक असेल तर ओळ दुसऱ्या हाताची असण्याची शक्यता बरीच आहे, आणि ते टिपेत लिहायचं. काहीच फरक नसेल तर एकाच माणसाच्या लेखनात दोन सवयी नांदत होत्या असं समजायचं. यातलं काहीही ठरवण्यासाठी 'डोळा' हे रूप जागेवर असावं लागतं. ते आधीच 'डोया' करून टाकलं असतं तर हा प्रश्न पडलाच नसता.

टीप अशी पुरते: 'ओळ ५: वहीत डोळा. यमक काया, त्यामुळे उच्चार डोया असावा.' यापेक्षा लांब नको.

मग लिहिणाऱ्याची साधी चूकही तशीच ठेवायची का?

ओळीत तशीच ठेवायची. पण चूक आणि पर्यायी रूप यांतला फरक टिपेत करायचा, कारण तो वाचकाला हवा असतो.

'भरे' च्या जागी 'भेर' असेल तर मात्रा एक अक्षर आधी पडली आहे, असं कुणी बोलत नाही. ती हाताची चूक. 'माह्या' च्या जागी 'माया' असेल तर मात्र थांबायचं. ह गळला की कानाला तसंच ऐकू येऊ शकतं, आणि वर 'माया' हा दुसरा शब्दही आहे. मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो: हे रूप तोंडाने म्हणता येतं का? याच वहीत दुसरीकडे पुन्हा येतं का? लिहिणाऱ्याने कुठे ते खोडून दुरुस्त केलंय का? पहिल्या दोघांचं उत्तर 'नाही' आलं तर 'लेखनदोष असावा' असं लिहितो. खोडाखोड असेल तर खोडलेलं आणि वर लिहिलेलं, दोन्ही नोंदवतो. 'पानी' खोडून 'पाणी' केलेलं सापडणं म्हणजे तर लॉटरीच. त्या माणसाला कुठलं रूप 'बरोबर' वाटत होतं हे त्याने स्वतःच सांगितलेलं असतं.

'नांव', 'घरांत', 'कांहीं' असे अनुस्वार वहीत सगळीकडे आहेत. ही कुठली बोली?

बहुधा बोली नव्हेच, जुनं लेखन आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले आणि उच्चार न होणारे अनुस्वार त्यांनी काढून टाकले. त्याआधी शाळा शिकलेला माणूस 'नांव', 'घरांत', 'तें' असंच लिहायचा, आणि पुढेही अनेकांच्या हाताची ती सवय गेली नाही. म्हणून अनुस्वारावरून वहीचं साल ठरवू नका, पण लिहिणाऱ्याचं शिक्षण साधारण कुठल्या काळातलं असावं याचा अंदाज त्यावरून येतो.

उलट 'केलं', 'गेलं', 'डोयातलं' यांतला शेवटचा अनुस्वार आजच्या बोलण्यातलाच आहे, तिथे शेवटचा अ लांबतो. एकाच पानावर 'केलें' आणि 'केलं' दोन्ही दिसली तर ती दोन वेगळी लेखनं आहेत. दोन्ही ठेवायची.

अशीच गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. मोडीत इकार-उकाराचं ऱ्हस्व-दीर्घ सहसा वेगळं दाखवत नसत. मोडीवर हात बसलेल्या माणसाने बाळबोधीत लिहिलेल्या वहीत 'पानि', 'पानी', 'दुर', 'दूर' यांची सरमिसळ असेल तर त्यावरून उच्चाराचा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. रूप जसंच्या तसं ठेवा, पण 'या बोलीत शेवटचा इकार ऱ्हस्व आहे' असा शोध लावू नका.

अक्षर न आहे की ण, हेच कळत नसेल तर?

त्याच हाताची बाराखडी तयार करा. ज्या शब्दांविषयी शंकाच नाही अशांतून न, ण, ळ, ल, ब, व, घ, ध, भ, म ही अक्षरं फोटोतून कापून एका पानावर शेजारी शेजारी लावा, प्रत्येकी चारपाच नमुने. पेन्सिलीने लिहिलेल्या वह्यांत ब चं पोट कापणारी रेघ उडालेली असते, आणि भ-म, घ-ध यांचा फरक शिरोरेघेतल्या खाचेवर असतो. शिरोरेघच दिली नसेल तर आणखी पंचाईत. तासाभराची ही बाराखडी पुढचे कित्येक तास वाचवते.

तरीही ठरत नसेल तर कंस करून प्रश्नचिन्ह द्या: 'पा[न?]ी' असं अक्षर तोडून नव्हे, तर शब्दाशेजारी, 'पानी[?]'. आणि इथे एक नियम मी कसोशीने पाळतो. शंकेचा फायदा प्रमाण रूपाला द्यायचा नाही. डोळ्याला ओळखीचा शब्द आधी दिसतो, त्यामुळे अर्धवट पुसलेला न आपल्याला ण वाटणं अगदी साहजिक आहे. नक्की नसेल तर नक्की नाही, एवढंच नोंदवायचं.

टाइप करताना रूपं आपोआप बदलतात. ते कसं ओळखायचं?

रूपं दोन गोष्टींमुळे बदलतात: यंत्र आणि आपला हात.

यंत्राचं सोपं आहे. शब्द सुचवणं, आपोआप दुरुस्ती, शुद्धलेखन तपासणी हे सगळं काम सुरू करण्याआधी बंद करायचं. मी पहिली वही फोनवर उतरवली तेव्हा हे केलं नव्हतं. तीसेक पानं झाल्यावर सहज मागे वळून पाहिलं तर एकही 'व्हता' शिल्लक नव्हता, सगळे 'होता' झाले होते. ती सगळी पानं पुन्हा केली.

हाताचं अवघड आहे, कारण हात गुपचूप बदलतो. दमल्यावर माणूस अक्षरं बघत नाही, शब्द बघतो, आणि शब्द ओळखला की बोटं तो शाळेत शिकलेल्या रूपात उमटवतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला, दोघांनी तीच पानं एकमेकांचं न बघता स्वतंत्र टाइप करायची आणि मग दोन फाइली ओळ-ओळ ताडून पाहायच्या. जिथे फरक तिथे फोटो उघडायचा. दोघे एकाच जागी सारखेच चुकू शकतात, पण क्वचित. एकजण वाचतो आणि दुसरा तपासतो, ही पद्धत मात्र या कामाला चालत नाही. मोठ्याने वाचणारा 'डोया' लिहिलेलं 'डोळा' वाचून जातो आणि ऐकणाऱ्याला काही खटकत नाही.

एकटेच असाल तर दुसरा उपाय करा. काम संपल्यावर 'पानी' आणि 'पाणी' कुठल्या पानांवर किती वेळा आलेत ते मोजा. सुरुवातीच्या पानांवर 'पानी' भरपूर आणि शेवटी नुसतं 'पाणी' असं दिसलं, तर एकतर वही लिहिणारा बदलला किंवा तुम्ही दमलात. प्रत्येक बसणीच्या शेवटची पानं फोटोशी ताडून पाहिली की कुठलं खरं ते कळतं. माझ्या बाबतीत बहुतेकदा दुसरं.

सगळी रूपं तशीच ठेवली तर शोधायचं कसं? 'डोळा' टाकलं तर 'डोया' सापडणार नाही.

शोधासाठी वेगळा रकाना ठेवा, ओळीला हात लावू नका. साधी तक्ता-फाइल पुरते: पान, ओळ, जसंच्या तसं, शोधशब्द, टीप. पहिल्या ओळीसमोर शोधशब्दांत एवढंच: 'दळण, दळणे, माझा, पाणी, भरणे, डोळा'.

शोधशब्द मूळ रूपात, सुटे, स्वल्पविराम देऊन लिहायचे, ओळीसारखे सलग नाही. सलग प्रमाण ओळ लिहिली की ती कधी ना कधी कुणीतरी उचलतो आणि तेच गाणं म्हणून छापतो. सुट्या शब्दांची यादी कुणालाही गाणं म्हणून छापता येत नाही. ज्याला प्रमाण जोडीदारच नाही, असा शब्द आहे तसाच शोधशब्दांत टाकायचा. ओढूनताणून प्रतिशब्द शोधू नका.

मजकुराला संगणकी खुणा करण्याची टीईआय ही पद्धत वापरत असाल तर शब्दालाच त्याचं मूळ रूप चिकटवता येतं, आणि मजकुरात वहीतलं रूपच राहतं:

```
<w lemma="डोळा">डोया</w>
```

फोटोत सारखे दिसणारे दोन शब्द फाइलीत वेगळे कसे निघतात?

हे वहीतले भेद नाहीत, टाइप करण्यातले आहेत, आणि फक्त हेच एकसारखे करायचे. 'वऱ्हाड' मधला ऱ् दोन प्रकारे टाइप होतो: एक थेट ऱ ला हलंत जोडून, दुसरा साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधाला मात्र ते वेगळे शब्द असतात. दोघांनी टाइप केलेल्या फाइली ताडताना असे खोटे फरक ढिगाने निघतात आणि खरे त्यात हरवतात. म्हणून ताडण्याआधी प्रत्येक फाइलीचा मजकूर s मध्ये घेऊन त्यावर पायथनमध्ये हे चालवतो:

```
import unicodedata
s = s.replace("\u0930\u094D\u200D", "\u0931\u094D")
s = unicodedata.normalize("NFC", s)
```

याने लेखन बदलत नाही, फक्त त्याच अक्षराची साठवण एक होते. शेवटची ओळ एकटी पुरत नाही, कारण जोडचिन्हाचा प्रकार ती तसाच सोडते. आणि 'ओ' हे एक अक्षर न टाइप करता अ ला काना-मात्रा जोडून केलेलं असेल, तर तेही यातून सुटतं. ते वेगळं शोधून बदलावं लागतं.

शब्द एकमेकांना चिकटवून लिहिले आहेत. तोडावेत का?

मी तोडत नाही. 'लागलीगेमाया' असेल तर ओळीत तसंच, शोधशब्दांत सुटं. पण यावर मतभेद आहेत. सगळी वहीच चिकटून लिहिलेली असेल तर वाचणं अशक्य होतं, तेव्हा तोडायला हरकत नाही. फक्त तसं सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाकायचं.

त्याच गाण्याचं ध्वनिमुद्रणही आहे आणि गाणारी वेगळं म्हणते. खरं कुठलं?

दोन्ही. दोन स्वतंत्र फाइली करा. वहीची फाइल रेकॉर्डिंग ऐकून सुधारू नका, रेकॉर्डिंगची फाइल वही बघून सुधारू नका. ऐकून लिहिताना देवनागरीची एक मर्यादा लक्षात असू द्या. 'चार' मधला च आणि 'चमचा' मधला च लिपीत एकच दिसतात. हा भेद महत्त्वाचा असेल तर तो टिपेत सांगावा लागतो, वेगळ्या अक्षराने दाखवता येत नाही.

वही देणाऱ्या घरचे म्हणतात, 'आमच्या आईचं अशुद्ध छापू नका, ती अडाणी दिसेल.' काय करावं?

त्यांचं म्हणणं खोटं नाही. बोलीला हसणारे लोक असतात. मी त्यांना 'हे मौल्यवान आहे' वगैरे सांगत बसत नाही. पहिल्या दोन ओळी दोन्ही प्रकारे लिहून समोर ठेवतो आणि त्यांनाच मोठ्याने म्हणायला सांगतो. 'डोळा–माया' म्हणताना जीभ अडखळते, ते त्यांनाही ऐकू येतं. बरेचजण तिथे हसतात आणि म्हणतात, 'नाही, आई असं नव्हती म्हणत.'

तरीही नको म्हणाले तर छापायचं नाही. जसंच्या तसं उतरवलेली प्रत त्यांच्याकडे द्यायची, फोटोंसकट. मधला मार्ग म्हणून 'थोडं शुद्ध करून' छापणं मात्र मी टाळतो. त्याने घरच्यांचं समाधान होतं, पण पुढे वाचणाऱ्याला ती वहीच वाटते.

छापून झाल्यावर एखादं रूप चुकीचं वाचलं होतं असं कळलं तर?

दुरुस्त करा, आणि काय बदललं ते तारखेसकट टिपेच्या रकान्यात लिहा: 'ओळ ३: आधी पाणी वाचलं होतं, फोटो पुन्हा पाहून पानी केलं.' जुनी फाइल पुसू नका. दरम्यान कुणी तिच्यावरून 'पाणी'ची संख्या मोजली असेल, तर त्याला आपला आकडा कुठे चुकला ते शोधता आलं पाहिजे.